चेहऱ्याला मार्क देणारं ॲप नेमकं काय मोजतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सेल्फी टाकला की दहापैकी मार्क देणाऱ्या ॲप्सवर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की माणसाच्या नजरेत आवडनिवड असते पण कॉम्प्युटर सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. या वाक्यासाठीच हे पत्र लिहितेय. मी गेली काही वर्षं फोटोंवर लेबलिंग करून घेण्याचं काम करते, म्हणजे मॉडेलला, उदाहरणं बघून शिकणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायला जो डेटा लागतो तो माणसांकडून तयार करून घ्यायचा, त्यामुळे ते माप कुठून येतं हे रोज बघते.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीने असंच एक ॲप वापरलं. सावळी आहे, १७ वर्षांची. खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर काढलेल्या फोटोला ५.८ आले, मग गच्चीवर जाऊन काढला तर ६.७. मला विचारते, मावशी, दहा मिनिटांत मी एवढी सुंदर कशी झाले गं? हसत विचारलं पण खोलीतला फोटो तिने लगेच डिलीट केला, ते मला फार लागलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी हा आकडा कसा तयार होतो ते बघू. या क्षेत्रात संशोधनासाठी खूप वापरला जाणारा एक डेटासेट, म्हणजे फोटो आणि त्यांच्या मार्कांचा संग्रह आहे, SCUT-FBP5500, २०१८ साली चीनमधल्या साउथ चायना युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या लोकांनी तो प्रसिद्ध केला. त्यात समोरून काढलेले ५५०० चेहरे आहेत, २००० आशियाई बायका, २००० आशियाई पुरुष, ७५० गोऱ्या युरोपियन वंशाच्या बायका आणि तेवढेच पुरुष. बस, एवढेच गट. आफ्रिकन वंशाचा गट नाही, दक्षिण आशियाई असा वेगळा गट नाही. प्रत्येक चेहऱ्याला १ ते ५ मध्ये मार्क द्यायला एकूण ६० स्वयंसेवक होते. बाजारातलं कुठलं ॲप नेमकं कशावर शिकलंय हे बहुतेक वेळा कंपनी सांगतच नाही, पण पद्धत साधारण हीच असते, फोटोंचा ढीग आणि मार्क देणारी काही माणसं.

समजा एका फोटोला ६० पैकी १२ जणांनी २ दिले, २८ जणांनी ३, १६ जणांनी ४ आणि चौघांनी ५. बेरीज १९२, भागिले ६० म्हणजे ३.२. मॉडेलला सरासरी शिकवायची असेल तर त्याच्यासाठी या चेहऱ्याचं "खरं उत्तर" ३.२. आता दुसऱ्या एका फोटोला ३० जणांनी २ दिले आणि ३० जणांनी ४, तर सरासरी ३ येते, म्हणजे निम्म्या लोकांना चेहरा आवडला आणि निम्म्यांना नाही हा एवढा मोठा मतभेद आकड्यात कुठेच उरत नाही. बरं, हे मार्क देणारी माणसं कशी देतात तेही सांगते. माझ्याकडे लोक स्क्रीनसमोर बसतात, फोटो येतो, दोनतीन सेकंदांत बटण दाबतात, पुढचा. शेकडो फोटो झाले की डोळे जड होतात आणि मधलं बटण जास्त दाबलं जायला लागतं. कुणाचा दोष नाही, काम तसं आहे, पण ज्याला आपण सौंदर्याचं माप म्हणतो ते इथे तयार होतं.

पुढची पायरी म्हणजे ट्रेनिंग. बरेचदा आधीच लाखो फोटोंवर वस्तू ओळखायला शिकलेलं रेसनेटसारखं तयार मॉडेल घेतात, त्याचा उत्तर देणारा शेवटचा थर काढून टाकतात आणि तिथे फक्त एक आकडा बाहेर येईल असा थर बसवतात. फोटो आत जातो, मॉडेल म्हणतं २.६, खरं उत्तर ३.२, फरक ०.६, तो फरक कमी होईल अशा बेताने आतले आकडे जरासे हलवायचे, मग पुढचा फोटो, असं हजारो वेळा. मॉडेलला सौंदर्य म्हणजे काय हे कुणीच सांगत नाही, त्याला फक्त त्या ठराविक माणसांची सरासरी ओळखायची असते आणि त्यासाठी फोटोतली जी कुठली खूण उपयोगी पडेल ती ते उचलतं. ट्रेनिंगच्या फोटोंमध्ये जास्त मार्क मिळालेले बरेच चेहरे उजेडात, मेकअप करून, स्टुडिओत काढलेले असले तर गालावरचा उजळपणा हीच एक खूण होऊन बसते. चेहऱ्याची ठेवण शिकण्यापेक्षा ते सोपं असतं ना.

आणि मग ॲपवाले त्यावर आपला हिशेब लावतात. ३.२ ला सरळ दोनने गुणलं तर दहापैकी ६.४ होतात, आणि १ ते ५ ही पट्टी ० ते १०० वर ताणली तर तोच चेहरा ५५ वर येतो. एकाच चेहऱ्याला एका ॲपमध्ये बरे मार्क आणि दुसऱ्यात जेमतेम, याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

आता भाचीच्या फोटोकडे येते. पांढरी भिंत मागे असली की फोनच्या कॅमेऱ्याला एकूण दृश्य फार उजळ वाटतं आणि ऑटो एक्सपोजर, म्हणजे उजेड आपोआप ठरवणारी सोय, ते मध्यम करायला सगळंच गडद करतो. गोरा चेहरा त्यात थोडा मंद होतो, पण सावळा चेहरा थेट सावलीत जातो, डोळ्यांखालचा आणि जबड्याचा तपशील जातो, तिथे नॉइज म्हणजे दाणेदार ठिपके येतात आणि फाइल लहान करताना होणाऱ्या कॉम्प्रेशनमध्ये उरलंसुरलं पुसलं जातं. स्कोअर द्यायच्या आधी ॲप डोळे, नाक, ओठ यांचे बिंदू शोधून चेहरा सरळ करून कापून घेतं, हे बिंदू अंधारात थोडे सरकले की कापलेला चेहरा वाकडा येतो आणि वाकड्या चेहऱ्याचा स्कोअरही वेगळा येतो. म्हणजे मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच सावळ्या चेहऱ्याचं नुकसान झालेलं असतं.

पण खोली आणि गच्चीत उजेडाबरोबर कोनही बदलला, हसूही बदललं, म्हणून आम्ही नीट करून बघितलं. गच्चीवरचाच फोटो घेतला, एडिटमध्ये फक्त एक्सपोजर दोनतीन टप्प्यांनी खाली आणलं, बाकी कशाला हात लावला नाही, आणि प्रत्येक कॉपी ॲपला दिली. चेहरा तोच, हाडं तीच, पण स्कोअर टप्प्याटप्प्याने खाली गेला. मूळ फोटो दोनदा दिला तर मात्र दोन्ही वेळा तेच मार्क, म्हणजे ॲप काहीही आकडे फेकतंय असं नव्हतं. ते उजेडाला मार्क देत होतं. अर्थात यावरून ॲप सगळ्याच सावळ्या लोकांना कमी मार्क देतं असं सिद्ध होत नाही, त्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या लोकांचे पुष्कळ फोटो लागतात, सारख्या उजेडात काढलेले आणि माणसांनी आधी मार्क दिलेले.

कंपन्या इथे म्हणतात की आमची अचूकता तपासलेली आहे. तपासलेली असते, पण कशावर? सहसा त्याच डेटासेटमधले काही फोटो बाजूला ठेवतात आणि त्यावर तपासतात. जे चेहरे ढिगात नव्हतेच ते परीक्षेतही नसतात. आणि थोडेसे असले तरी सरासरीत बुडतात. समजा तपासणीत १००० फोटो आहेत, ९५० उजळ रंगाचे आणि ५० गडद रंगाचे. उजळ चेहऱ्यांवर मॉडेल सरासरीने अगदी बरोबर आणि गडद चेहऱ्यांना माणसांनी दिले त्यापेक्षा सरासरी ०.४ कमी देतंय. सगळ्यांची मिळून सरासरी चूक किती दिसेल? ०.०२. रिपोर्टमध्ये याकडे कोण बघणार, पण त्या ५० जणांसाठी ती पाच मार्कांच्या पट्टीवरची ०.४ च आहे. म्हणून चूक रंगाप्रमाणे वेगळी काढून दाखवावी लागते.

असं वेगळं काढून बघितलं की काय दिसतं याचं मोठं उदाहरण २०१८ चं आहे. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधकांनी आफ्रिका आणि युरोपातल्या सहा देशांच्या खासदारांचे १२७० फोटो घेऊन चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या. गोऱ्या पुरुषांमध्ये चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि गडद रंगाच्या बायकांमध्ये ३४.७ टक्क्यांपर्यंत. तिथे निदान उत्तर बरोबर की चूक हे ठरवता तरी येतं. सौंदर्याच्या मार्कात बरोबर उत्तर असं काही नसतंच, त्यामुळे तिथली चूक पकडणं आणखी अवघड. त्याआधी २०१६ मध्ये ब्यूटी डॉट एआय नावाची एक ऑनलाइन स्पर्धा झाली, परीक्षक म्हणून अल्गोरिदम होते, शंभराहून जास्त देशांतून सुमारे ६००० जणांनी फोटो पाठवले, ४४ विजेते निघाले आणि त्यात जवळजवळ सगळे गोरे, काही थोडे आशियाई आणि गडद त्वचेची फक्त एक व्यक्ती. गडद चेहरे डेटात पुरेसे नव्हते हे नंतर आयोजकांच्या बाजूनेही सांगितलं गेलं.

यावर लगेच सुचतं की मग गडद चेहऱ्यांचे फोटो वाढवा की. वाढवायलाच हवेत, त्याने बिंदू सरकणं, अंधारात गोंधळणं हे बरंच सुधारतं. पण मार्क देणाऱ्या माणसांच्याच मनात उजळ म्हणजे छान हे बसलेलं असेल तर जास्त फोटोंनी मॉडेल तेच मत आणखी अचूक शिकेल. मॉडेलची चूक शून्य झाली तरी पक्षपात तसाच राहील, कारण तो उत्तरपत्रिकेतच आहे. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की फोटो कुणाचे यावर आता थोडी तरी चर्चा होते पण बटण कुणी दाबलं याची नोंदसुद्धा बऱ्याच ठिकाणी ठेवली जात नाही.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी अशा ॲपवर छापताना कंपनीला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर तेही छापा: ट्रेनिंगच्या फोटोंमध्ये कुठल्या रंगाचे चेहरे किती होते, मार्क कुणी दिले, आणि चूक त्वचेच्या रंगाप्रमाणे वेगळी काढली तर किती येते. आणि कॉम्प्युटर सगळ्यांना एकाच मापाने मोजतो या वाक्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत यावी. भाची तो अंक माझ्याकडून घेऊन गेलीय, पुढचाही ती वाचेल.

आपली,
एक नियमित वाचक