भिंगरीचा डावा कान: स्मृतिचित्राबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, स्मृतिचित्र विभाग

विषय: दिवंगत कुत्रीचे कुटुंबासोबतचे चित्र उलटे करून छापल्याबाबत

महोदय,

आज सकाळी अकरा वाजता तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाशी माझं चौथं बोलणं झालं. पाचवं होणार नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ऑर्डर क्रमांक पाकिटावर घातला आहे.

आमची भिंगरी भाद्रपदात गेली. बारा वर्षांची होती, शेवटी मूत्रपिंडांनी साथ सोडली. गुहागरात आमचं घर रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला आहे. मागीलदारी जांभ्याच्या चार पायऱ्या, पुढे आगर आणि आगराच्या टोकाला बेडं. दुसऱ्या पायरीवर संध्याकाळी आई बसते आणि तिच्या डाव्या हाताला भिंगरी बसायची. आईच्या उजव्या हातात काठी असते, डावा हात मोकळा. तो हात बारा वर्षं भिंगरीच्या डाव्या कानावर असायचा. त्या कानाचं टोक वानराने फाडलं होतं, ती दीड वर्षाची असताना. आई तेवढीच फाटकी कड बोटांत धरून बसायची.

ते चित्र आम्हाला हवं होतं. आई, आम्ही सगळे आणि आईच्या डाव्या हाताला भिंगरी. तुमच्या सूचनापत्रात जे लिहिलं आहे ते अक्षरशः पाळलं. नाताळच्या सुट्टीत मुलं आली तेव्हा सगळे पायऱ्यांवर बसलो आणि आईशेजारची जागा मोकळी ठेवली. भिंगरीचा मे महिन्यातला फोटो माझ्या मुलीने धुण्याच्या दगडावर बसून काढला होता, म्हणून डिसेंबरातला फोटोही त्याच दगडावरून, त्याच उंचीवरून, झूम न करता काढून घेतला. दोन्ही वेळा संध्याकाळचे सव्वापाच. पायऱ्यांच्या कडा दोन्ही फोटोंत एकमेकींवर तंतोतंत बसतात, मी मोबाइलवर ठेवून बघितल्या आहेत. तुमच्या कामाला याहून सोपी सामग्री मिळणार नाही.

अडचण एकच होती, आणि ती माझ्याही लक्षात आली होती. आमचं मागीलदार पश्चिमेला आहे. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सरकून बुडतो, डिसेंबरात दक्षिणेला. दगडावर बसून घराकडे पाहिलं की मेमधलं संध्याकाळचं ऊन डाव्या खांद्यावरून येतं आणि डिसेंबरातलं उजव्या. जागा तीच, घड्याळातली वेळ तीच, पण ऊन दुसऱ्या बाजूचं. म्हणून भिंगरीच्या मेमधल्या फोटोत तिची एक बाजू उजळ आणि आमच्या सगळ्यांची दुसरी. एका चित्रात दोन सूर्य दिसले की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं. म्हणूनच मी तुम्हाला एक नव्हे, चार फोटो पाठवले होते आणि चौथ्याखाली लिहिलं होतं, ‘उजेड जुळत नसेल तर हा वापरा.’

तो चौथा फोटो जुलैतला आहे. पाऊस दोन तास उघडला होता, आभाळ भरलेलं होतं, भिंगरी त्याच पायरीवर होती आणि फोटो त्याच दगडावरून होता. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो. अंगावर उन्हाची कड नाही, गडद सावली नाही. अशा फोटोतली कुत्री कापून घेतली की तिला हव्या त्या बाजूचं ऊन देता येतं. उजवीकडून थोडा उजळपणा चढवायचा, डावी बाजू थोडी दाबायची आणि ढगाळ उजेडातला निळसरपणा काढून संध्याकाळचा पिवळेपणा आणायचा. चिपळुणात माझ्या मेहुण्याचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो, त्याने मला हे समजावलं. मेमधल्या फोटोतली केसांवरची उन्हाची तिरीप पुसणं फार कठीण, असंही तोच म्हणाला. ते मला मान्य आहे. म्हणून तर चौथा फोटो दिला होता!

तुम्ही काय केलंत? मेमधलाच फोटो घेतलात आणि भिंगरीला आरशातल्यासारखी उलटी केलीत. ऊन जुळलं. काम झालं.

आता तिचा फाटका कान उजवा आहे. उजव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा होता, तो डाव्या पायात आला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिचं तोंड. मूळ फोटोत ती मान किंचित वळवून आईच्या जागेकडे बघते आहे. उलटी केल्यावर तिने आईकडे पाठ फिरवली आहे आणि ती विहिरीकडे बघते आहे. आईचा हात ज्या डाव्या कानावर असायचा, तिथे धड, अख्खा, दुसऱ्याच कुणा कुत्रीचा कान आला आहे.

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. चित्र आलं तेव्हा ती माजघरात होती. मुलाने तिच्या मांडीवर चित्र ठेवलं. तिने हात फिरवला, जिथे कान असायला हवा तिथे बोट नेलं आणि म्हणाली, “ही आपली नव्हे.” ऐंशी उलटलेली बाई, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला एका क्षणात कळलं. तुमच्याकडे चित्र तपासणारा माणूस असतो असं तुम्हीच लिहिता. त्याने मूळ फोटो आणि तयार चित्र शेजारी ठेवून एकदा तरी बघितलं का?

आता आजच्या बोलण्याबद्दल. ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण तासाभराने मी ते वहीत उतरवून ठेवलं आहे.

मी म्हटलं, कुत्री उलटी छापली आहे. मुलगा म्हणाला, “काका, कुत्रा ओळखू येतोय ना?” मी म्हटलं, कुत्री आहे, आणि ओळखू येत नाही, हीच तक्रार आहे. तो म्हणाला, “फ्लिप केल्याने कुत्रा बदलत नाही काका, तोच असतो.” मी त्याला कानाचं सांगितलं. वानराचं सांगितलं. आईचा हात कुठे असायचा तेही सांगितलं, जे परक्या माणसाला सांगायची मला सवय नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मला वाटलं, समजलं याला. मग म्हणाला, “हां, तो फाटलेला कान दिसतोय मला स्क्रीनवर. तो आम्ही फ्रीमध्ये नीट करून देऊ. दोन्ही कान सारखे करतो, मग फ्लिपचा प्रॉब्लेमच राहणार नाही.”

मी फोन ठेवला नाही. मी विचारलं, म्हणजे तिचा कानच काढून टाकणार? तर म्हणे, “काढणार नाही काका, चांगला करणार. बरेच कस्टमर जखमा वगैरे काढून घेतात.”

घेत असतील. ज्यांना नको असतील त्यांनी काढून घ्याव्यात. मी काढायला सांगितलं नव्हतं. माझ्या आईने दहा वर्षं जी कड बोटांत धरली, ती तुमच्या माणसाला दोष वाटते आणि तो ती फुकटात मिटवून देणार. त्या मुलावर माझा राग नाही, वय लहान असेल, समोर लिहून दिलेली वाक्यं असतील. ती वाक्यं ज्यांनी लिहून दिली त्यांच्यावर आहे. मेलेल्या जनावराची खूण पुसायची, आणि ती मेहेरबानी म्हणून!

तुम्ही म्हणाल, छपाईआधी नमुना पाठवला होता. पाठवला होता, रात्री दहाला, व्हॉट्सॲपवर, बारीकसा, आणि त्यावर तुमच्या कंपनीचं नाव आडवं छापलेलं, नेमकं भिंगरीच्या डोक्यावरून. नाव कोपऱ्यात टाकता आलं असतं. मी लगेच लिहिलं, ‘डोक्याचा भाग नावाशिवाय, मोठा करून पाठवा, कान बघायचा आहे.’ तो संदेश माझ्याकडे आहे, वाचल्याच्या निळ्या खुणांसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं की चित्र छपाईला गेलं. मी होकार दिलेला नाही. ‘कान बघायचा आहे’ याचा अर्थ होकार होत नाही.

आणखी एक. ती पायरीवर बसलेली नाही, पायरीच्या वर अधांतरी आहे. आईच्या काठीचं टोक जिथे टेकलं आहे तिथे काळी सावली आहे. भिंगरीच्या पंजांखाली काही नाही. जनावर जिथे टेकतं तिथे, पंजा आणि दगड यांच्या फटीत, बारीकशी गडद रेघ असतेच, ऊन कुठूनही येवो. आणि जांभ्यावर ऊन पडलं की त्याचा तांबूस उजेड वर येतो. आमच्या पायांवर, आईच्या पांढऱ्या लुगड्याच्या काठावर तो दिसतो. भिंगरीचं पोट पांढरं होतं, तिथे तो सगळ्यांत आधी दिसायला हवा. तुमच्या चित्रात पोट कोरं पांढरं आहे. पण हे सुधारता येईल. उलटी केलेली कुत्री सुधारता येत नाही, ती नव्यानेच करावी लागेल.

तुमच्याकडे यायचं कारण सांगतो. आमच्या ओळखीच्या एका घरात तुमचं चित्र आहे, ओटीवर बसलेला म्हातारा बोका आणि शेजारी नातवंडं. बोक्याच्या मिशीवर जळल्याची खूण आहे आणि ती चित्रात तशीच ठेवलेली आहे. ते बघून मी 3,800 रुपये आगाऊ भरले. ज्यांनी तो बोका केला ते लोक अजून तुमच्याकडे असतील तर हे काम त्यांना द्या.

मला हवं आहे ते असं. चौथा, जुलैचा, ढगाळ उजेडातला फोटो वापरून चित्र नव्याने करा. भिंगरीला उलटी करायची नाही. डावा कान डावाच राहील, फाटलेलाच राहील, तोंड आईकडे राहील. पंजांखाली सावली आणि पोटावर जांभ्याचा उजेड हवा. नमुना पूर्ण आकारात, डोक्यावर काही न छापता पाठवा आणि मी लेखी हो म्हटल्याशिवाय छापू नका. हे पंधरा दिवसांत जमत नसेल तर 3,800 रुपये परत करा. आलेलं चित्र तुमच्या खर्चाने घेऊन जा, ते घरात ठेवायची आईची तयारी नाही. सध्या ते वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे.

यातलं काहीच झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल आणि तिथून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करू शकतो, तुमचं कार्यालय कुठेही असो, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. चारही फोटो, नमुना आणि निळ्या खुणांचा संदेश मी छापून ठेवला आहे. मला रत्नागिरीला खेपा घालायची हौस नाही. आईचं वय बघता मला चित्र हवं आहे, निकाल नको.

आणि कान नीट करून देऊ, असं पुन्हा कुणी फोनवर म्हणू नये.

आपला ग्राहक,
गुहागर, जि. रत्नागिरी

सोबत: चार मूळ फोटोंच्या प्रती, छापलेल्या चित्राचा फोटो, पैसे भरल्याची पावती. मूळ फोटोवर भिंगरीच्या डाव्या कानाभोवती पेनाने गोल केला आहे.