थाटात म्हंजे किती ताटं?

आदरणीय अक्का,

सा. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण ते चारचौघांनीही वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, अशा दोन-तीन जणींनी मला विचारलं, "तुमच्या लेकीचं फिसकटलेलं लग्न जुळलं कसं?" प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

मार्गशीर्षातली पहिली बैठक तुम्ही पाहिली नाहीत. बार्शीकडून बारा पुरुष आले होते, आमच्याकडचे नऊ. आम्ही बायका आत पोह्यांच्या बश्या भरत होतो आणि कान बाहेर. देण्याघेण्याची भाषा कुणी काढली नाही, हे खरं. व्याही म्हणाले, "आम्हाला काही नको, लग्न तेवढं थाटात करून द्या." यांनी मान डोलावली. मग कुणीतरी विचारलं, वऱ्हाड किती? उत्तर आलं, सातशे. आमचे चारशे धरले तर अकराशे ताटं. सांगलीतल्या ज्या कार्यालयाशी आम्ही बोलून ठेवलं होतं, तिथे ताटाचा दर तीनशे वीस. नुसत्या जेवणाचे साडेतीन लाखांच्या वर झाले. आमची तयारी सगळी मिळून सहाशे पानांची. यांनी तसं सांगितलं, तर तुमच्याकडचे एक काका म्हणाले, "मुलीकडच्यांनी पानं मोजायची नसतात." सुपारी फुटायची राहिलीच, पोहेही अर्धे तसेच राहिले.

त्यानंतर महिनाभर फोनाफोनी झाली, पण सगळी आकड्यावर. सातशेचे साडेसहाशे करा, चारशेचे साडेतीनशे करा. भाजीवाल्यासारखं चाललं होतं. त्यात माझाही हात होता. "मुलीकडचे म्हणून किती वाकायचं?" हे वाक्य मी जाऊबाईंना बोलले आणि ते तिसऱ्या दिवशी बार्शीला पोचलं.

तुम्ही आलात त्या दिवशी मला आधी धास्तीच वाटली. मुलाची थोरली आत्या, म्हणजे मानपानाची यादी घेऊन आली असणार! तुम्ही पिशवीतून काढली ती दोनशे पानी वही. चहा घेतलात आणि व्याह्यांना, म्हणजे तुमच्या सख्ख्या धाकट्या भावाला, सगळ्यांसमोर विचारलंत, "थाटात म्हंजे किती ताटं?"

ते गप्प. त्या दिवशी पहिल्यांदा बायकाही बैठकीत सतरंजीवर बसल्या होत्या. तुम्हीच बसवल्या होत्यात. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आकडा सांगितला की कमी वाटतं, म्हणून थाटात म्हणतात." मला त्या बाई तेव्हापासून आवडायला लागल्या.

मग तुम्ही आकडे बाजूला ठेवून नावं मागितलीत. दोन्ही घरांनी वहीत नावं लिहायची, आणि प्रत्येक नावापुढे आमंत्रण चूलबंद, म्हणजे सगळ्या घराला, की घरपट, म्हणजे घरटी एकालाच, तेही लिहायचं. सगळ्या घोळाचं मूळ तिथेच होतं. तुमच्या गावचे एकशे पंचाहत्तर उंबरे, आणि सगळ्यांना चूलबंद धरलेलं. उंबऱ्यामागे चार माणसं, म्हणून सातशे. गावात पद्धत तशीच आहे, एकाला चूलबंद आणि शेजारच्याला घरपट केलं की पाच वर्षं बोलणं बंद. एखादा उंबरा गाळावा म्हटलं तर कोणता, हे सांगायची व्याह्यांची हिंमत नव्हती. त्यांचा हट्ट थाटाचा नव्हताच, त्यांना गावात तोंड दाखवायचं होतं. महिनाभराच्या फोनांत हे आम्हाला कुणी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आमची यादीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. थोरल्याच्या लग्नातली जुनी यादी मी तशीच उतरवून काढली होती. तुम्ही बोट ठेवून एकेक नाव वाचत होतात. एका नावाशी थांबलात आणि यांच्याकडे पाहिलंत. ते गृहस्थ वारून तीन वर्षं झाली होती. तुम्ही हसला नाहीत, नुसती पेन्सिलीने बारीक रेघ मारलीत. त्यानंतर माझ्या भिशीतल्या अठरा जणी मी आपणहून घरपट केल्या, म्हणजे त्यांच्या यजमानांना वगळलं. भिशीत नंतर काय ऐकावं लागलं ते भेटीत सांगेन.

पुढचा हिशेब तुम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडलात. ते पान मी जपून ठेवलंय. बार्शीकडून सांगलीला यायचं तर पन्नास सीटच्या बसचं जाऊन-येऊन भाडं अठ्ठावीस हजार, म्हणजे माणशी पाचशे साठ. त्यात ताटाचे तीनशे वीस. एका माणसाला उन्हातान्हात साडेचार तास बसमध्ये बसवून जेवू घालायला आठशे ऐंशी रुपये. तेच माणूस गावात, आपल्या आचाऱ्याच्या हातचं, पंगतीला बसून जेवलं तर शंभरात भागतं. तुमचं कुलदैवत तुळजाभवानी, त्यामुळे लग्नानंतर घरी गोंधळ घालायचाच होता. तुम्ही म्हणालात, "गावाला गोंधळाचं चूलबंद द्या, सांगलीला भावकी आणि पाव्हणे न्या. गावातलं म्हातारं माणूस तुला दुवाच देईल, बस लागती सगळ्यांना."

एकही उंबरा गाळला गेला नाही, फक्त जेवायची जागा बदलली. चार बसमध्ये दोनशे, स्वतःच्या गाड्यांनी येणारे साठ आणि पुण्याकडचे चाळीस, असे तुमचे तीनशे झाले. आमचे रेघा मारून साडेतीनशे. साडेसहाशे ताटं ठरली.

पैशांचं मात्र तितकं सोपं गेलं नाही. ज्याची माणसं त्याची ताटं, हे तुम्ही सुचवलंत तेव्हा तुमचे काका उठून उभे राहिले. मुलाकडच्यांनी जेवणाचे पैसे द्यायचे म्हणजे नाक कापल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही त्यांना बसा म्हटलं नाहीत. नुसतं विचारलंत, "गोंधळाच्या जेवणाचे पैसे मुलीकडून मागणार का?" ते नाही म्हणाले. "का नाही? आपली माणसं म्हणून. मग सांगलीला जेवणारी कुणाची?" त्यावर ते बाहेर तंबाखू मळायला गेले, ते यादीवर सही करायलाच आत आले. तर तुमच्या ताटांचे शहाण्णव हजार, आमच्या ताटांचे एक लाख बारा हजार, कार्यालय आणि मांडवाचे नव्वद हजार निम्मे-निम्मे. बस आणि गोंधळ तुमच्याकडे, साखरपुडा आणि हळद आमच्याकडे. आमच्याही घरात सगळ्यांना हे रुचलं असं नाही. माझे दीर म्हणाले, "व्याह्यांकडून पैसे घेतले, चार लोक काय म्हणतील?" ते लग्नात अक्षता टाकून न जेवताच निघून गेले. ते अजून माझ्या मनात आहे, आणि यात तुमचा काही दोष नाही.

मानपानाची यादी तुमच्याकडून बेचाळीस जणांची आली होती. फेटे, टॉवेल-टोप्या, साड्या. आम्हीही तेवढीच उलटी पाठवणार होतो, कारण रीत. बोहारणीला द्यायच्या साड्या आपण एकमेकींना देतो, हे बोलून दाखवायचं धाडस तुमचंच. दोन्हीकडच्या आज्या, मामा आणि करवल्या एवढ्यांपुरतं कापड ठेवलंत, बाकीच्यांना नारळ. साड्यांच्या यादीतलं पहिलं नाव तुमचं होतं, तेच तुम्ही आधी खोडलंत. मग बाकीच्या बायकांना बोलायला जागाच उरली नाही.

यादीचं दुसरं पान करायला लावलंत, तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं. मुलीच्या अंगावर कुठला दागिना कुणी घातला, मुलाला काय मिळालं, ते सगळं वेगळं लिहून दोघांच्या सह्या. माझा वकील भाचा म्हणाला, मामी, हे तर कायद्यातच आहे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, आणि वधूवरांना मिळालेल्या भेटींच्या याद्या ठेवण्याचे नियम 1985 चे. लग्नाची अट म्हणून मागितलेलं काहीही हुंड्यातच मोडतं आणि देणाराही तितकाच अडकतो, हेही त्यानेच सांगितलं. "थाटात करून द्या" त्यात बसतं का, हे मी त्याला विचारलं नाही. व्याही तोवर आपले झाले होते.

ऐन लग्नात तुमची खरी कमाल मी पाहिली ती ताटांच्या ढिगापाशी. बफे म्हटलं की शेवटी ताटं किती लागली यावरून केटररशी हमखास वाद होतो. तुम्ही मंगलाष्टकांच्या आधीच दोन्हीकडचा एकेक पोरगा तिथे उभा केलात. जेवण सुरू व्हायच्या आधी स्वच्छ ताटं मोजून आकडा कागदावर, केटररच्या माणसाची सही. नंतर उरलेली मोजायची. सहाशे अठ्ठ्याऐंशी लागली. वरची अडतीस कुणाची, यावरून तिथेच पुन्हा महाभारत झालं असतं, पण यादीत तुमच्या हातचं एक वाक्य आधीच होतं: "जादा ताटं कुणाचीही असोत, खर्च निम्मा-निम्मा." बारा हजार एकशे साठ झाले. विहीणबाईंनी त्यांचे सहा हजार ऐंशी तिथेच पर्समधून काढून दिले, वरचे ऐंशी सुटे.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे, ती सांगूनच टाकते. मुलांना नोंदणी करून पन्नास माणसांत लग्न हवं होतं. तुम्ही दोघांना जवळ बसवून विचारलंत, ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "प्रत्येकानं एकच गोष्ट मागा, ती मी सोडणार नाही." लेकीने डीजे नको म्हटलं, जावयांनी कन्यादानाला तिच्या आईवडिलांना उपास नको म्हटलं. दोन्ही तुम्ही पाळलंत. पण पन्नासाचं राहिलंच. लेक अधूनमधून मला टोमणा मारते. मी तुमच्याकडे बोट दाखवते, आणि ती म्हणते, आत्यांना काही बोलायचं नाही.

वही अजून माझ्याकडेच आहे. तुमची ती, परत करायला हवी. पण परवा माझे दीर, तेच, न जेवता गेलेले, घरी आले होते. त्यांच्या मुलीचं ठरतंय. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, ती वही जरा बघायला मिळेल का?" महिनाभर उशीर झाला तर रागावू नका.

तुमची,
सांगलीची विहीण