खरेदीखताच्या परिशिष्टातील चूक आणि आपण पाठवलेले सदोष शुद्धिपत्रक

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चूक दुरुस्ती पत्र नव्याने करून नोंदवून देणे व त्याचा खर्च सोसणे याबाबत

महोदय,

गुहागर तालुक्यातील आमच्या गावी मी कलमांची एक जमीन खरेदी केली. खरेदीखताचा मसुदा, टायपिंग आणि नोंदणीची सगळी व्यवस्था आपल्या कंपनीने पैसे घेऊन केली. जमिनीचा सर्व्हे नंबर 61, हिस्सा नंबर 2, क्षेत्र 0 हेक्टर 26.50 आर. दस्ताच्या पहिल्या पानावर हेच लिहिले आहे आणि सोबतच्या सातबाऱ्यावरही हेच आहे. परिशिष्टात मात्र, जिथे मिळकतीचे वर्णन येते, त्या एका ओळीत हिस्सा नंबर 12 टाइप झाला आहे. दोनाच्या आधी एक जास्तीचा आकडा पडला.

सही करून दस्त नोंदवून झाल्यावर ही चूक कळली, तीही फार वाईट रीतीने. फेरफाराची नोटीस हिस्सा 12 च्या खातेदारांच्या घरी गेली. ते वयस्क गृहस्थ कागद हातात घेऊन थेट आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "आमची जागा कोणी विकली, ते आधी सांगा." त्या घराशी आमच्या घराचा तीन पिढ्यांचा संबंध आहे. त्यांनी हरकत घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. ज्यांनी मला जमीन विकली, त्या काकूंचे नावच हिस्सा 12 च्या सातबाऱ्यावर नाही. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित कशी करणार? आज जमिनीचे पूर्ण पैसे देऊनही सातबाऱ्यावर माझे नाव नाही.

मी आपल्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने मूळ दस्तावर पेनने एक आकडा खोडून शेजारी सही करण्याची तयारी दाखवली. मी ती करू दिली नाही. खाडाखोडीशेजारी सह्या करण्याची वेळ दस्त नोंदणीसाठी हजर करण्यापूर्वीची असते. नोंदणी अधिनियम 1908 चे कलम 20 त्याबद्दलच आहे. नोंदणी झाल्यावर दुय्यम निबंधकांकडे दस्ताची प्रत कायम राहते. माझ्याकडचा कागद खोडला तरी त्यांच्याकडे हिस्सा 12 च राहणार, आणि उद्या बँकेने दोन्ही प्रती ताडून पाहिल्या तर माझाच कागद संशयास्पद ठरणार.

त्यानंतर आपण कंपनीच्या लेटरहेडवर शुद्धिपत्रक पाठवले. त्यावर फक्त आपल्या व्यवस्थापकांची सही आहे. या खरेदीखतात काकू लिहून देणार आणि मी लिहून घेणार. आपली कंपनी दस्तात कुठेच नाही. जो दस्ताचा पक्षकार नाही, त्याच्या सहीने दस्तातला आकडा बदलत नाही. आणि मूळ दस्त नोंदणीकृत असल्यामुळे त्याच्या मिळकत वर्णनातली दुरुस्तीही नोंदवूनच घ्यावी लागते.

त्याहून मोठा दोष मजकुरात आहे. आपण फक्त चुकलेला आकडा सुधारण्याऐवजी अख्खे परिशिष्ट पुन्हा टाइप केले, आणि तसे करताना 26.50 आरऐवजी 'साडेसव्वीस गुंठे' लिहिले. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, तर गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा. मूळ क्षेत्र 2650 चौरस मीटर आहे. आपल्या पत्रकाप्रमाणे ते सुमारे 2681 होते. ही 31 चौरस मीटर जमीन कोणाची? पश्चिमेला पऱ्या आहे, उत्तरेला शेजाऱ्यांचा गडगा. काकूंनी मला ती विकलेली नाही आणि मी तिचे पैसेही दिलेले नाहीत. क्षेत्र वाढलेले दिसले की ही टायपिंगची चूक न राहता नवा व्यवहार असल्याचा संशय येतो आणि मुद्रांकाचा प्रश्न उभा राहतो.

पत्रकाच्या शेवटी आपण 'यापूर्वीचे वर्णन रद्द समजावे' असेही लिहिले आहे. मूळ वर्णनातले काहीही रद्द व्हायचे नाही. चतुःसीमा बरोबर आहेत, क्षेत्र बरोबर आहे, आणि हिस्सा 12 ही नुसती टायपिंगची चूक आहे हे आज त्यांच्यावरूनच सिद्ध होते. तोच पुरावा आपण रद्द करायला निघालात.

चूक दुरुस्ती पत्र लहान असावे. मूळ दस्ताची ओळख, चूक कोणत्या पानावर आणि कोणत्या ओळीत आहे, काय छापले गेले, काय हवे होते आणि ते कशावरून, इतकेच त्यात हवे. मला हवा असलेला मजकूर असा :

"आम्ही उभयतांनी दि. 12 मार्च 2025 रोजी केलेले खरेदीखत दुय्यम निबंधक, गुहागर यांच्या कार्यालयात दस्त क्र. 1184/2025 अन्वये नोंदवले आहे. सदर दस्ताच्या पान 7 वरील परिशिष्टात, मिळकतीच्या वर्णनाच्या दुसऱ्या ओळीत 'हिस्सा नं. 12' असे टायपिंगच्या चुकीने नमूद झाले आहे. दस्ताच्या पान 1 वर व सोबतच्या सातबाऱ्यात 'हिस्सा नं. 2' असा बरोबर उल्लेख आहे. तरी परिशिष्टातील 'हिस्सा नं. 12' याऐवजी 'हिस्सा नं. 2' असे वाचावे. क्षेत्र, चतुःसीमा, मोबदला व अन्य सर्व मजकूर मूळ दस्ताप्रमाणे कायम आहे. या दुरुस्तीपोटी कोणताही नवीन मोबदला दिला वा घेतलेला नाही. हे पत्र मूळ दस्ताचा भाग समजावे."

याखाली काकूंची सही, माझी सही आणि दोन साक्षीदार. सोबत मूळ दस्ताची प्रत आणि हिस्सा 2 चा सातबारा. हे पत्र नोंदवून झाले की सूची 2 मध्ये हिस्सा 2 आलेला आहे ना, ते तिथेच वाचून पाहावे आणि मग तलाठ्यांकडे फेरफारासाठी द्यावे.

घाई करतो आहे त्याला कारण आहे. काकू मुंबईला मुलाकडे राहतात आणि आता चतुर्थीला गावी येणार आहेत. त्यांचे वय झाले आहे. आज त्यांच्या एका सहीने होणारे हे काम उद्या त्यांच्या सगळ्या वारसांच्या सह्यांवर जाईल, आणि त्यातला एक जरी आला नाही तर मला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट 1963 च्या कलम 26 खाली दिवाणी दावा लावून कोर्टाकडून दुरुस्ती मागावी लागेल. एका आकड्यासाठी ही वेळ माझ्यावर किंवा त्या माऊलीच्या मुलांवर येऊ नये.

म्हणून माझी मागणी अशी की आपले लेटरहेडवरचे शुद्धिपत्रक लेखी मागे घ्यावे, वरील मजकुराचा दस्त चतुर्थीपूर्वी तयार ठेवावा आणि टाइप झाल्यावर सहीआधी मला व काकूंना वाचायला द्यावा. मुद्रांक, नोंदणी आणि काकूंच्या तालुक्याला येण्याजाण्याचा खर्च आपण करावा, कारण मसुदा तपासून देण्याचे पैसे आपण माझ्याकडून घेतलेले आहेत. हिस्सा 12 च्या खातेदारांनाही आपल्या सहीचे एक पत्र द्यावे, की त्यांची जमीन कोणीही विकलेली नाही आणि चूक आपल्या कंपनीच्या टायपिंगची आहे. ते पत्र मी स्वतः नेऊन देईन.

आठ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

सोबत : खरेदीखताची प्रत, हिस्सा 2 चा सातबारा, आपले शुद्धिपत्रक, फी भरल्याची पावती