रामजोशी का शिकवायचे? शालेय शिक्षण मंत्र्यांना सोलापुरातून एक खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात अनेक वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. पाठ्यपुस्तकात कोणती कविता घ्यावी याविषयी आपल्याकडे पुष्कळ निवेदने येत असतील. माझे म्हणणे मात्र ती का घेतली, याविषयी आहे. घेण्याचे कारण बदलले की तीच कविता वर्गात वेगळी होऊन बसते, आणि हे मी आमच्याच गावच्या रामजोश्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धातला हा शाहीर. पुराणिकाच्या घरात जन्मला, व्युत्पन्न होता, संस्कृतातही लावणी रचू शकत होता, आणि तरी तमाशाच्या फडावर उभा राहिला. पुढे तो कीर्तनाकडे वळला आणि मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या, असे परंपरा सांगते. १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांनी शाळांसाठी ‘नवनीत’ हा वेच्यांचा संग्रह सिद्ध केला, तेव्हा पंडित कवींना अभ्यासक्रमात जे भक्कम स्थान मिळाले ते पुढे बराच काळ टिकले. आर्या मान्य झाल्या. त्या ज्याच्या गळ्यातून गावोगाव पोचल्या, तो मात्र अभ्यासक्रमाच्या उंबरठ्यावरच घुटमळत राहिला.

त्याला आत घेतले जाते तेव्हा बहुधा एकाच ओळीच्या बळावर:

हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशि का शिरी।
मठाची उठाठेव का तरी॥

मी ज्या संग्रहातून ही रचना शिकवली, त्यात तिच्याखाली प्रश्न होता: ‘कवीने कोणता उपदेश केला आहे?’ मुले उत्तर लिहीत, ‘बाह्य अवडंबर नको, अंतःकरण शुद्ध हवे.’ पूर्ण गुण. पण हाच उपदेश संतांच्या कितीतरी रचनांत आहे, आणि तेवढ्यासाठीच शिकवायचे तर रामजोशी कशाला हवेत, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

एका वर्षी मी तो प्रश्न बाजूला ठेवला आणि मुलांना टाळी धरायला लावली. ‘हटातटाने’ आठ मात्रा, ‘पटा रंगवुनि’ आठ, ‘जटा धरिशि का’ आठ, आणि ‘शिरी’वर तोल सावरणारा विराम. मग कोणते अक्षर कोठे येते ते शोधायला सांगितले. ह-टा, प-टा, ज-टा: प्रत्येक तुकड्याचे दुसरे अक्षर ‘टा’. पुढच्या ओळीत ‘ट’चा ‘ठ’ होतो: म-ठा, उ-ठा, ठे. म्हणजे भगव्या वस्त्रांची आणि जटांची जी खटपट कवी हसण्यावारी नेतो आहे, तिचा खडखडाट त्याने उच्चारातच भरून ठेवला आहे. ओळ मनात वाचली तर तो ऐकूच येत नाही.

पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी तेव्हा म्हणाली, ‘सर, आमच्या आजोबांच्या पद्यात असंच दुसरं अक्षर जुळतं.’ तिचे बरोबर होते. तेलुगू आणि कानडी छंदांत चरणाचे दुसरे अक्षर जुळवण्याचा प्रास हा जुना नियम आहे. रामजोश्यांनी तो तिथून उचलला, असा दावा मी करत नाही. तिथे तो चरणाचरणांत जुळतो, इथे एकाच चरणाच्या तुकड्यांत. पण तीन भाषांच्या या गावात तो कानावर पडणे अशक्य नव्हते, आणि त्या मुलीला मराठीच्या तासाला प्रथमच घरचे काही सापडले, हे मी पाहिले.

हेच कसब ‘सुंदरा मनामधि भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली’ या लावणीत आहे. भरली, ठरली, शिरली अशा लागोपाठच्या यमकांनी नायिकेची चाल उभी राहते. उपदेश हे कारण धरले की ही लावणी आपोआप गळते आणि एकाच कवीचे दोन तुकडे होतात, एक शाळेचा आणि एक फडाचा. रचना हे कारण धरले, तर दोन्ही शेजारी ठेवून शिकवता येतात. शृंगारिक लावणी कोणत्या इयत्तेला द्यावी, हा प्रश्न खरा आहे आणि दहावीच्या आत ती देऊ नये, असे माझेही मत आहे. पण तो वयाचा प्रश्न आहे. योग्यतेचा ठरवून आपण तो दीडशे वर्षे टाळला.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. पाठ्यपुस्तक मंडळाच्या मराठी भाषा समितीने निवडलेल्या प्रत्येक वेच्यासाठी, तो का घेतला याचा एक परिच्छेद शिक्षक-हस्तपुस्तिकेत छापावा, आणि स्वाध्यायातले प्रश्न त्या कारणाशी जुळतात की नाही हे छपाईपूर्वी तपासावे. रामजोश्यांचा वेचा घ्यायचे ठरल्यास त्याखाली ‘लावणी’ हा रचनाप्रकार स्पष्ट लिहावा, आणि तो चालीवर म्हटलेला ऐकवण्याची सोय करावी. ती चाल म्हणणारी माणसे सोलापूर जिल्ह्यात शोधायला मी स्वखर्चाने हिंडायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, सोलापूर