सूचना : डोळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन या

मंडळाच्या खानापूर भागातील सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या खोलीत नेत्रतपासणी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी जुन्या चिठ्ठ्या आणि चालू थेंबांच्या बाटल्या आणाव्यात.

चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरं अशी वाचा:
ओडी – उजवा डोळा
ओएस – डावा डोळा
ओयू – दोन्ही डोळे

घोळ ओडीचा होतो. गोळीपुढे तेच ओडी म्हणजे दिवसातून एकदा. थेंबांच्या ओळीत 'ओडी टीडीएस' असेल, तर उजव्या डोळ्यात दिवसातून तीनदा, कारण वेळा टीडीएसने सांगितल्या आहेत. पण थेंबांपुढे नुसतं ओडी असेल, तर डोळा की वेळ हे कळत नाही. तिथे अंदाज नको, डॉक्टरांनाच विचारा.

उजवा म्हणजे पेशंटचा उजवा. समोर उभं राहून थेंब घालणाऱ्या सुनेच्या तो डाव्या हाताला येतो, हे घरी सांगून ठेवा.

मेडिकलवाल्याकडून बाटलीवर मराठीत किंवा कन्नडमध्ये (बलगण्णु उजवा, एडगण्णु डावा) लिहून घ्या. चिठ्ठीवर स्वतः खाडाखोड करू नये.
– सचिव