‘ताप नव्हता’ म्हणून नाकारलेला डेंग्यूचा दावा

संपादक महोदय,

डेंग्यूच्या रुग्णांना कॅशलेस नाकारल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. बातमी योग्य आहे, पण शेजारच्या चौकटीतला ‘थेट ग्राहक आयोगात जा’ हा सल्ला वाचून राहवले नाही. आयोगात तक्रार दाखल झाली की त्याच वादासाठी विमा लोकपालांचे दार बंद होते. शिवाय हा नकार बहुतेक वेळा एका कागदावरून आलेला असतो, आणि तो कागद म्हणजे डिस्चार्ज समरी. आपण ज्याला डिस्चार्ज कार्ड म्हणतो तेच. त्यात काय लिहिले आहे आणि काय राहून गेले आहे, हे आधी पाहायला हवे. त्याबद्दल बातमीत एक ओळही नाही.

प्रथम एक फरक. कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा फेटाळणे नव्हे. दाखल होताना पाठवलेल्या अर्जात पुरेशी माहिती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. रुग्ण अजून खाटेवर असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र आणि ताजे रिपोर्ट जोडून इन्शुरन्स डेस्ककडून फेरविचाराचा अर्ज पाठवता येतो. घरी गेला असेल तर बिल भरून त्याच उपचाराचा परतावा मागता येतो. त्यासाठीची मुदत पॉलिसीत दिलेली असते, ती चुकवू नये. कॅशलेस नाकारल्याच्या रागात लोक फाइल कपाटात टाकतात आणि मुदत निघून जाते. ती कंपनीच्या हाती फुकट दिलेली सबब ठरते.

डेंग्यूमधला नकार साधारण असा असतो: ‘दाखल होताना ताप नव्हता, प्रकृती स्थिर होती, उपचार ओपीडीत शक्य होते, प्रवेश मुख्यतः तपासणी व निरीक्षणासाठी होता.’ यामागे जे कलम असते ते पॉलिसीच्या पीडीएफमध्ये Excl04 असे शोधल्यास सापडेल. केवळ तपासण्यांसाठी रुग्णालयात राहिल्यास खर्च मिळणार नाही, असे ते कलम सांगते. नकारात कलमाचा उल्लेख नसेल तर तो आधी लेखी मागावा. दावा नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवलीच पाहिजे आणि कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येणार नाही, असे विमा नियामकाचे २९ मे २०२४ चे परिपत्रक सांगते. समितीने तो पाहिला का, हेही त्याच पत्रात विचारावे.

आता एक उदाहरण आकड्यांसह मांडतो, म्हणजे अपील कशावर उभे राहते ते दिसेल. ६० किलो वजनाची एक स्त्री. तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या लॅबमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे टक्केवारीतले प्रमाण, ३६ आणि प्लेटलेट १,३८,००० आले. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला, पण रात्रीपासून चार उलट्या झालेल्या, पोट सतत दुखत होते आणि उठून बसवत नव्हते. त्या दुपारी तिला दाखल केले. रक्तदाब ९८/७४, हिमॅटोक्रिट ४२, प्लेटलेट ७१,०००. संध्याकाळी हिमॅटोक्रिट ४४ झाला. शिरेतून सलाइन सुरू झाले, दर काही तासांनी हिमॅटोक्रिट पाहिला गेला आणि दाखल केल्यापासून तिसऱ्या दिवशी तो ३७ वर आल्यावर तिला घरी सोडले.

डिस्चार्ज समरीत यातले काय उतरले? ‘ताप व अशक्तपणासाठी दाखल. दाखल होताना ताप नाही. प्रकृती स्थिर. सलाइन व लक्षणांनुसार उपचार. प्रकृती सुधारल्याने घरी सोडले.’ बस. उलट्या नाहीत, पोटदुखी नाही, हिमॅटोक्रिटचा एकही आकडा नाही. हे वाचून कंपनीच्या डॉक्टरला दाखल करण्याची गरज दिसणार तरी कुठून?

आणि इथेच या नकारातली सर्वात मोठी वैद्यकीय चूक आहे. डेंग्यूत ताप उतरणे ही धोका टळल्याची खूण नाही. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो, आणि रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपण्याचा धोका नेमका त्याच सुमारास, पुढचे २४ ते ४८ तास असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत सतत उलट्या, पोटदुखी, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, आणि प्लेटलेट झपाट्याने घसरत असताना वाढणारा हिमॅटोक्रिट, ही धोक्याची लक्षणे दिली आहेत. ती दिसल्यास रुग्णाला दाखल करावे, असे तीच मार्गदर्शिका सांगते. म्हणून ‘ताप नव्हता’ हा कंपनीचा मुद्दा अपिलात टाळायचा नाही. उलट पहिल्या परिच्छेदात तोच घ्यायचा: होय, ताप उतरला होता, आजाराचा पाचवा दिवस होता, आणि म्हणूनच दाखल करणे आवश्यक होते.

लोक अपिलात प्लेटलेटचा आकडा ठळक करून पाठवतात. त्याने काम होत नाही. रक्तस्राव नव्हता, प्लेटलेट चढवल्या नाहीत, मग दाखल कशाला, असे उत्तर येते, आणि फक्त तेवढ्या आकड्यावर ते खोडताही येत नाही. वजन हिमॅटोक्रिटला आहे. वरच्या उदाहरणात ३६ वरून ४४, म्हणजे मूळ आकड्याच्या सुमारे २२ टक्के वाढ. २० टक्के किंवा त्याहून जास्त वाढ ही द्रव झिरपल्याची मान्य खूण आहे. सलाइननंतर तो ३७ वर उतरला, याने रक्त खरोखर दाट झाले होते हे पक्के होते. हे तीन आकडे तारीख आणि वेळेसह एका ओळीत मांडा. तिसऱ्या दिवसाचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवावा. वाढ कशाच्या तुलनेत, ते त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ याची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत छापलेली असते. उपचार त्या आजारासाठी गरजेचा हवा, सुरक्षित व पुरेशा काळजीला लागेल त्याहून जास्त नको, डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा आणि मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवा. अपील या चार अटींच्या क्रमाने लिहावे. वाद जवळजवळ नेहमी दुसऱ्या अटीवर असतो: हे घरी झाले नसते का? त्याचे उत्तर सलाइनच्या चार्टमध्ये असते. धोक्याच्या लक्षणांत सुरुवातीला दर किलोला ताशी ५ ते ७ मिलिलिटर द्रव एक-दोन तास देतात, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ताशी ३०० ते ४२० मिलिलिटर. मग नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि हिमॅटोक्रिट पाहून तो वेग कमी करत आणतात. जास्त गेला तर फुप्फुसात पाणी साचते, कमी पडला तर रुग्ण शॉकमध्ये जातो. हा वेग तासातासाला बदलावा लागतो, ओपीडीत सलाइन लावून घरी पाठवण्याचे हे काम नाही. आणि ज्या तपासण्यांवरून सलाइनचा वेग ठरतो त्या उपचाराचाच भाग आहेत. ‘केवळ तपासणीसाठी प्रवेश’ हा मुद्दा तिथेच संपतो.

हा चार्ट डिस्चार्ज समरीत नसतो, इनडोअर केस पेपरमध्ये असतो. नर्सिंग नोंदी, तापमान-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, सलाइनचे इनपुट-आउटपुट आणि डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी यांची प्रत रुग्णालयाकडे लेखी मागा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत ती द्यायला हवी. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पुरवणी पत्र घ्या: दाखल करतेवेळी कोणती लक्षणे होती, आजाराचा कितवा दिवस होता, घरी उपचार का शक्य नव्हते. खाली सही, नोंदणी क्रमांक आणि आजची तारीख.

आजचीच तारीख, यावर माझा जोर आहे. जुनी डिस्चार्ज समरी फाडून नवी करून घेणे, तीत मागाहून ‘सतत उलट्या’ घुसवणे, हे काही ठिकाणी उपकार म्हणून केले जाते. कंपनीकडे पहिली प्रत आधीच गेलेली असते आणि ती केस पेपर मागवतेच. दोन्हींत फरक दिसला की वाद गरजेचा उरत नाही, खोट्या कागदाचा होतो, आणि खरा दावाही बुडतो. पुरवणी पत्रातले प्रत्येक वाक्य केस पेपरमधल्या एखाद्या नोंदीवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. नोंदच नसेल, उलट्या नव्हत्या, हिमॅटोक्रिट स्थिर होता आणि प्लेटलेट १,१०,००० असताना केवळ काळजीपोटी दाखल केले असेल, तर कंपनीचा नकार टिकण्याचीच शक्यता जास्त, हेही वाचकांना सांगायला हवे.

अपील कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने पाठवावे, कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीए या मध्यस्थ संस्थेला नव्हे. निर्णय कंपनीचा असतो. सोबत bimabharosa.irdai.gov.in वर नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत आणि cioins.co.in वरून तक्रार देता येते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. लोकपालांचा निर्णय पटला नाही, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग रुग्णाला मोकळा राहतो. तुमच्या चौकटीने हाच क्रम उलटा केला.

जाता जाता, त्याच पानावरच्या आरोग्य सदराबद्दल. ‘ताप उतरला की डेंग्यूचा रुग्ण दोन-तीन दिवसांत कामाला लागतो’ असे वाक्य तिथे छापले आहे. कंपन्यांचे नकार याच समजुतीवर उभे आहेत, आणि दाव्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे हे वाक्य वाचून एखादा पाचव्या दिवशी उलट्या होत असूनही घरी थांबेल. त्याची दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
विमा दाव्यांची वैद्यकीय कागदपत्रे तपासणारा एक निवृत्त डॉक्टर, पुणे