मंग्या, तुझ्या गोष्टीतल्या त्या वेटिंगच्या सीनबद्दल

प्रिय मंग्या,

गोष्ट वाचली रे. लूमचा भाग, सोलापूरच्या पूर्व भागातली ती गल्ली, आई विड्या वळत बसलेली, सगळं झकास उतरलंय. हॉस्पिटलमध्ये आयसीयूबाहेर सगळे वाट बघत बसतात त्या सीनवर आलास आणि लेका एकदम भाषण द्यायला लागलास. "डॉक्टरांचे शब्द ऐकताच नागेशच्या पायाखालची जमीन सरकली, काळीज फाटलं, डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या." यातलं खोटं काहीच नाही, पण हे वाचणाऱ्यानं इतक्या वेळा वाचलंय की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात.

मी काय करीन सांगू? डॉक्टरचं वाक्यच काढून टाकीन. दार उघडलं, काका उठले, एवढ्यावर थांब आणि पुढचा पॅरा सरळ पंधरावीस मिनिटांनी सुरू कर. माणूस गेल्यावर आयसीयूबाहेर नक्की काय होतं ते आठव, रडायला मोकळीक कुठं मिळते, कामंच लागतात. फाईल द्या, बिल क्लिअर करा, इथं सही करा, सिस्टर अंगावरचा करदोडा नि अंगठी पुडीत बांधून हातात देते, आणि कुणीतरी म्हणतं, अरे ती औषधं परत करून ये, पैसे मिळतील. हे परत करायला जाणं नागेशला दे. बघ, असं काहीतरी:

"मेडिकलवाल्यानं पिशवी काउंटरवर पालथी केली. सलाईनच्या बाटल्या वेगळ्या काढल्या. एक इंजेक्शन बाजूला सारलं, फ्रिजमधलं परत घेत नाही म्हणाला. बिलं बघू. पेशंटचं नाव? नागेशनं सांगितलं, आडनावासकट. मेडिकलवाल्यानं ते बिलावर शोधलं आणि टिक केली."

झालं. यात गेले, वारले काही नाही, नागेशला काय वाटलं तेही नाही, तरी नाव सांगताना त्याचं काय झालं असेल ते वाचणारा स्वतःच भरतो. मुद्दा एवढाच की ती हालचाल खरोखरच्या कामासाठी असली पाहिजे. म्हणून तू आईची बोटं हवेत विडी वळताना दाखवलीस ना, ते काढ. वाचताना छान वाटतं, पण ते आई करत नाही, लेखक करतोय. त्यापेक्षा झाडूपोछावाल्या मावशी येऊ देत, फिनेलचा वास येऊ दे, त्या "पाय वर घ्या" म्हणतील आणि बाकावरची सगळी पाय वर घेतील, आईसुद्धा घेईल. पण एका सीनमध्ये असं एक किंवा फार तर दोन, तिसरं आलं की शोपीस मांडल्यासारखं दिसतं.

उजेडाचं पण तेच. "उदास पिवळा प्रकाश" लिहिलंयस. उजेड कशाला उदास होईल? तो काय करायलाय ते सांग. तुझी वेळ पहाटेची आहे, महिना मे. मग सहाच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट बाकावर येणार, सोलापूरचं ऊन, सात वाजता चटके द्यायला लागतं. ट्यूबलाईट तशीच चालू, ती दिसेनाशी होत जाते आणि कुणी बंद करत नाही. काकू ऊन लागतंय म्हणून सरकून बसतात, आई सरकत नाही. उजेडावर दोनच वाक्यं, पण वेळ कळली, ऋतू कळला आणि आईचंही कळलं.

आता एक धोका, कारण तू लगेच दुसऱ्या टोकाला जाशील, मला माहितीय. सगळ्यांना गप्प बसवू नकोस बे. आपल्याकडं आयसीयूबाहेर बायका हंबरडा फोडतात, ऊर बडवतात, वॉचमन येऊन "हळू, आत पेशंट आहेत" म्हणतो, आणि ते काढलंस तर सीन सोलापूरचा राहणारच नाही. आत्याला मोठ्यानं रडू दे. संयम तुझ्या वाक्यात पाहिजे, माणसांत नाही. आत्या रडली, वॉचमन आला, आत्यानं पदर तोंडात धरला, एवढंच साधं लिही, "हृदय पिळवटून टाकणारा" वगैरे विशेषण लावू नको. जमलं की नाही कसं ओळखायचं? मोठ्यानं वाच. जिथं तुझाच आवाज नाटकी होतो तिथं शब्द जास्त झालेत. आणि उलट, अनोळखी माणसाला वाचून कोण गेलं तेच कळलं नाही, तर तू फार छाटलंस.

सगळ्यात भारी जागा तर तू सोडूनच दिलीस, काकांचा फोन. आपली माणसं फोनवर गेले म्हणून कुठं सांगतात, "तब्येत जरा जास्तंय, निघा तुम्ही" म्हणतात आणि पलीकडचाही सगळं ओळखून फक्त विचारतो, "पोरांना घेऊन येऊ का?" काका म्हणतात, "घेऊनच या." हे लिही आधी, बाकीचं नंतर बघू.

शनिवारी पार्क चौकात भेटू, तोवर फोनचा भाग तेवढा व्हॉट्सॲप कर. आणि बोलता बोलता काकांच्या मोबाईलची बॅटरी संपवू नको, ते सगळेच करतात.

तुझा,
राजा